इमेजमध्ये कर्नल नसतो

"डॉकर समजून घ्या दोन मिनिटांत. १) कंटेनर म्हणजे हलकं व्हर्च्युअल मशीन, आत पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम असते. २) एकदा इमेज बनवली की कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी चालते. ३) आत काहीही झालं तरी बाहेरच्या मशीनला धक्का लागत नाही. ४) म्हणून व्हीएमची गरज आता संपली. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज माझ्याकडे आतापर्यंत चार ठिकाणांहून आला. तीनदा सोडून दिला. चौथ्यांदा तो भाच्याकडून आला, आणि तोवर भाचा त्यावर भरवसा ठेवून बसला होता. भाचा इथल्याच एका छोट्या कंपनीत आहे. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याचं, शेतकऱ्याला मालाच्या हिशेबाची पट्टी छापून द्यायचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्याकडे आलं होतं. ते सेंटओएस ६ या जुन्या लिनक्सवर चालायचं, मूळ लिहिणारा माणूस आता सापडत नाही, आणि जुना संगणक शेवटचे आचके देत होता. भाच्याने ऑफिसच्या सर्व्हरवर `centos:6` वरून इमेज, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइल्सचं गाठोडं, बनवली, चालवून पाहिली, पट्टी छापली. मग `docker save` करून पेनड्राइव्हवर घेतली आणि अडत्याच्या विंडोज संगणकावर `docker load` केली. दुकानात शेतकरी पट्टीसाठी उभे, आणि कंटेनर, म्हणजे त्या इमेजवरून चालणारा प्रोग्रॅम, काही चालू होईना. एरर नाही, लॉग नाही, काहीच नाही. फोन आला: "मामा, काहून असं होऊन राहिलं? इमेज तर तीच आहे!"

इमेज खरोखरच तीच होती. म्हणूनच पहिल्या मुद्द्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, बाकीची सगळी गडबड तिथूनच निघते.

डॉकर नेमकं काय बांधून देतो, ते अंदाजाने सांगायची गरज नाही. ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने इमेजचा आराखडा लिहून ठेवला आहे आणि डॉकर त्याच धर्तीवर इमेज बनवतो. त्यात मुख्य वस्तू तीनच आहेत: फाइल्सचे थर, एक कॉन्फिगरेशन, आणि या दोन्हींची यादी म्हणजे मॅनिफेस्ट. थर म्हणजे साध्या टार फाइल्स, एकावर एक रचलेल्या. कॉन्फिगरेशन म्हणजे एक जेसन फाइल: कुठली कमांड चालवायची, कुठल्या फोल्डरमधून, कुठल्या युजरच्या नावाने, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स कोणते, प्रोसेसर कुठल्या जातीचा लागेल. बूट करायचं काहीही त्यात नाही. कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तोही नाही. घरी बसून बघता येतं:

```
docker run --rm ubuntu:22.04 ls -A /boot
```

काहीही छापलं जात नाही, कारण फोल्डर रिकामं आहे. खऱ्या उबंटूच्या मशीनवर तिथेच `vmlinuz` नावाची फाइल असते, तो कर्नल. इमेजवर "उबंटू" किंवा "सेंटओएस" लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की त्या वितरणाच्या लायब्ररी, शेल, पॅकेज मॅनेजर आणि फोल्डरांची मांडणी आत आहे. भांडीकुंडी आणि मसाल्याचे डबे आपले, चूल मात्र ज्याच्या घरी उतरलात त्याची.

मग कंटेनर चालतो म्हणजे काय होतं? डॉकर यजमान मशीनच्याच कर्नलला सांगतो की ही प्रोसेस सुरू कर, पण तिला फाइल सिस्टिम हीच दाखव, प्रोसेसची यादी एवढीच दाखव, नेटवर्क वेगळं दाखव आणि मेमरी इतक्यावर जाऊ देऊ नको. पहिल्या तिन्ही गोष्टी नेमस्पेसने होतात, शेवटची सीग्रुपने. दोन्ही लिनक्स कर्नलच्याच सोयी आहेत. व्हीएममध्ये याच्या उलट असतं. तिथे खोटं हार्डवेअर उभं केलं जातं आणि त्यावर पाहुण्या सिस्टिमचा स्वतःचा कर्नल बूट होतो. यात "हलकं" आणि "जड" असा फरक नाहीच. फरक कर्नल कोणाचा, याचा आहे.

आता भाच्याच्या भानगडीकडे येऊ. त्याला मी दोन्ही ठिकाणी एकच कमांड द्यायला सांगितली:

```
docker run --rm centos:6 uname -r
```

ऑफिसच्या सर्व्हरवर उत्तर आलं `3.10.0-1160.el7.x86_64`. तो सेंटओएस ७ चा कर्नल. दुकानातल्या संगणकावर आलं `5.15.153.1-microsoft-standard-WSL2`. सेंटओएस ६ चा स्वतःचा कर्नल २.६.३२ मालिकेतला होता, तो दोन्हीकडे कुठेच नव्हता. आत खरंच पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम असती, तर दोन्ही ठिकाणी तेच उत्तर यायला हवं होतं.

मग दुकानातल्या संगणकावर डब्ल्यूएसएलच्या, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सच्या, शेलमधून एक्झिट कोड बघायला लावला:

```
docker run --rm centos:6 bash -c 'echo ok'
echo $?
```

`ok` छापलं गेलं नाही, आणि कोड आला `139`. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १२८ वजा केले की उरतात ११, आणि ११ क्रमांकाचा सिग्नल म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे प्रोग्रॅम जन्मताच मेला. कंटेनरच्या लॉगमध्ये काही येत नाही, कारण लिहायला तो जगलाच नाही. पण त्याला मारणाऱ्याने नोंद ठेवली होती. डब्ल्यूएसएलच्या आत `dmesg` केल्यावर ही ओळ दिसली:

```
bash[2143] vsyscall attempted with vsyscall=none ip:ffffffffff600400
```

सेंटओएस ६ मधली सी लायब्ररी २.१२ आवृत्तीची आहे. त्या काळात "किती वाजले" हे विचारायला लायब्ररी मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर उडी मारायची, आणि कर्नल तिथे उत्तर देणारा कोड ठेवायचा. वरच्या ओळीतला `ffffffffff600400` हा तोच पत्ता, वेळ सांगणारा. पण प्रत्येक मशीनवर तोच पत्ता असणं हल्लेखोरांच्या सोयीचं होतं. म्हणून पुढच्या कर्नलमध्ये हा दरवाजा अरुंद करायची किंवा पूर्ण बंद करायची सोय आली. डब्ल्यूएसएलच्या कर्नलमध्ये तो पूर्ण बंद आहे. बॅश सुरू होताना वेळ विचारतो, त्यामुळे पहिल्याच पावलावर दार आपटलं. ऑफिसच्या जुन्या कर्नलमध्ये दार उघडं होतं, म्हणून तिथे पट्टी छापली गेली.

उपाय आहे. विंडोजमध्ये युजरच्या फोल्डरात `.wslconfig` नावाच्या फाइलमध्ये हे लिहायचं आणि `wsl --shutdown` करून पुन्हा सुरू करायचं:

```
[wsl2]
kernelCommandLine = vsyscall=emulate
```

भाच्याने केलं आणि कंटेनर चालला. पण ही ओळ कुठे लिहावी लागली ते बघा. डॉकरफाइलमध्ये नाही, `docker run` च्या पर्यायांतही नाही. थेट कर्नलच्या बूट करायच्या ओळीत. आणि ती एका कंटेनरपुरती लागू करता येत नाही. त्या डब्ल्यूएसएलवर चालणाऱ्या प्रत्येक कंटेनरसाठी तो जुना दरवाजा आता उघडा झाला. पट्टीच्या सॉफ्टवेअरसाठी बाकी सगळ्यांची कडी काढावी लागली.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर यातच आलं. त्यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. लायब्ररी बरोबर येतात, त्यामुळे "माझ्याकडे पायथॉन वेगळा, तुझ्याकडे वेगळा" ही रोजची कटकट डॉकरने खरोखर संपवली. पण कर्नल येत नाही आणि प्रोसेसरही येत नाही. एम-सिरीजच्या मॅकवर तशीच बनवलेली इमेज इंटेलच्या सर्व्हरवर नेली की `exec format error` मिळते, आणि मग लोक डॉकरला शिव्या घालतात.

पहिल्या मुद्द्यातही खऱ्याचा एक कण आहे. विंडोज आणि मॅकवर डॉकर डेस्कटॉप खरोखरच पडद्यामागे एक व्हीएम चालवतो, कारण लिनक्सच्या कंटेनरला लिनक्सचा कर्नल हवाच. पण ते व्हीएम सगळ्या कंटेनरांत मिळून एक असतं, दर कंटेनरला एक नाही. बहुतेक हाच घोळ करून कोणीतरी हा मेसेज लिहिला असावा.

तिसरा मुद्दा मात्र धोक्याचा आहे, आणि तो वाचून कोणी अनोळखी इमेज बिनधास्त चालवू नये. लिनक्सच्या मशीनवर एका कंटेनरमध्ये `sleep 1000` चालवा आणि बाहेर येऊन `ps -ef | grep sleep` करा. ती प्रोसेस तिथे समोर दिसते, आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर रूटच्या नावाने. आतला रूट आणि बाहेरचा रूट कर्नलच्या हिशेबी एकच युजर आहे. डॉकर त्याचे बरेच अधिकार आधीच काढून घेतो, म्हणून रोज काही बिघडत नाही. पण २०१९ मध्ये `CVE-2019-5736` या क्रमांकाची चूक उघडकीला आली तेव्हा कंटेनरमधल्या रूटला बाहेरचा `runc`, म्हणजे कंटेनर सुरू करणारा प्रोग्रॅमच, बदलून टाकता येत होता. त्यावर दुरुस्ती कधीच आली आहे. तरी भिंत एकाच कर्नलच्या आत आहे, आणि त्या कर्नलमध्ये भोक पडलं तर ते सगळ्यांसाठी पडतं. व्हीएममधून बाहेर पडायच्या चुकाही सापडल्या आहेत, पण तिथे आधी पाहुण्याचा स्वतःचा कर्नल आणि त्यापुढे हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम, ओलांडावा लागतो.

चौथ्या मुद्द्यावर वाद घालायला भाच्याकडे वेळ नव्हता, दुकान उघडायचं होतं. सेंटओएस ६ चं सपोर्ट ३० नोव्हेंबर २०२० ला संपलं, म्हणजे त्यात नव्या दुरुस्त्या येत नाहीत. अशी जुनी गोष्ट चालवायचीच असेल तर तिला तिचाच कर्नल द्यावा आणि बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून ठेवावं, असं मी त्याला सांगितलं. त्याने त्या संगणकावर एक व्हीएम केलं, आत सेंटओएस ६ टाकलं आणि प्रिंटर जोडला. तिथे `uname -r` केल्यावर `2.6.32-754.el6.x86_64` आलं, आणि पट्टी पहिल्या फटक्यात छापली गेली. मग त्याने `.wslconfig` मधली ती ओळ काढून टाकली.