क्यूब पास झाले, तरी माफीपत्र एवढं लांब का?

चेकिंगची सही होण्यापूर्वीच काँक्रीट टाकलं गेलं, तर ठेकेदाराने ग्राहकाला पाठवायच्या माफीपत्राचा नमुना मी दिला होता; त्यात स्वखर्चाने तपासणी करून देण्याची कबुली होती.

वाचकाची प्रतिक्रिया: «तुमचा पत्राचा नमुना ठेकेदाराला अडकवणारा आहे. चेकिंगची सही राहिली, एवढंच झालं. क्यूब पास आहेत, मग स्वखर्चाने तपासणी कबूल करायची म्हणजे आपण होऊन दोष मान्य करणं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ लिहून क्यूबचा रिपोर्ट जोडला की पुरे.»

तुमची काळजी मला समजते, पण क्यूबच्या रिपोर्टबद्दल मी अजिबात सहमत नाही. गाडीतून आलेलं काँक्रीट किती ताकदीचं होतं, एवढंच क्यूब सांगतो. काँक्रीटच्या आधीचं चेकिंग मुख्यतः सळया, कव्हर, लॅप आणि शटरिंग यांचं असतं. यांतल्या एकाही गोष्टीबद्दल क्यूब काही बोलत नाही.

भिंतीबाहेर झुकलेल्या बाल्कनीचा स्लॅब घ्या. जाडी 150 मिमी, मुख्य सळया 12 मिमीच्या आणि वरच्या थरात, वरचं कव्हर 25 मिमी. खालच्या पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंतची उपयुक्त खोली भरते 119 मिमी. आता चेअर कमी पडल्या आणि काँक्रीट टाकताना माणसं जाळीवरून चालली, म्हणून सळया 35 मिमी खाली दबल्या असं धरा. खोली उरली 84 मिमी. सळया तेवढ्याच असल्या तरी वाकण्याला तोंड देण्याची क्षमता साधारण तीस टक्क्यांनी घटली. या बाल्कनीचे सगळे क्यूब उत्तम येतील. म्हणून ग्राहकाच्या इंजिनिअरला क्यूबचा रिपोर्ट दिला, तर त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळतच नाही.

दोष मान्य करण्याबद्दल म्हणाल, तर पत्रात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. «मंजुरीची सही मिळण्यापूर्वी आम्ही काँक्रीट टाकले. ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल आम्ही माफी मागतो.» हे घडलेलं आहे आणि ग्राहकाच्या दप्तरातही आहे, ते लपवून काहीच वाचत नाही. काम सदोष आहे, असं मात्र इथे कुठेही म्हटलेलं नाही. ते तपासणीने ठरेल, आणि पत्रात तसंच लिहायचं. करारात दंडाची कलमं कडक असतील तर पाठवण्यापूर्वी मजकूर वकिलाला दाखवा, पण त्यासाठी पत्र आठवडाभर अडकवू नका.

माफीनंतरचं पहिलं वाक्य टेकूंबद्दल हवं: स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी मिळेपर्यंत बाल्कनीखालचे टेकू काढणार नाही, वर सामान ठेवणार नाही, प्लास्टर किंवा फरशी करणार नाही. संशय असलेल्या भागाचं खरं संरक्षण हेच आहे, आणि नेमकं हेच बहुतेक पत्रांत नसतं.

मग तपासणी. वरच्या थरातल्या सळयांसाठी कव्हर मीटर इथे चांगलं काम करतो, कारण त्या वरूनच सापडतात आणि काँक्रीट ओलं असल्याने त्याला फारसा फरक पडत नाही. रडार मात्र ओल्या, ताज्या काँक्रीटमध्ये कमी खोलवर पाहतं. भिंतीच्या कडेला, जिथे ताण सर्वाधिक, तिथे प्रत्येक सळईचं कव्हर आणि अंतर मोजायचं. सळया आतल्या स्लॅबमध्ये किती लांब गेल्या आहेत, त्याचाही माग काढायचा. जवळजवळ असलेल्या सळयांचा व्यास हे यंत्र खात्रीने सांगत नाही. त्यासाठी इंजिनिअर दाखवील त्या जागी लहानसा भाग फोडून प्रत्यक्ष मोजायचं आणि नंतर दुरुस्त करायचं. कोअर काढायची घाई नको. क्यूब पास झालेले असतील तर शंका ताकदीची नाही, आणि कोअरच्या नादात मुख्य सळईच कापली जाऊ शकते.

मोजायच्या जागा ग्राहकाच्या इंजिनिअरने ठरवाव्यात, आणि किती फरक चालेल हे आकडे येण्यापूर्वीच लेखी ठरावं. कव्हर 25 ऐवजी 32 निघालं, तर खोली 112 राहते आणि पुन्हा हिशेब करून डिझायनर ते कदाचित स्वीकारेल. 60 निघालं, तर मजबुतीकरण किंवा तोडणं, आणि तो खर्च आमचा, हेही पत्रात आधीच लिहिलेलं असावं. निकाल येईपर्यंत त्या भागाचं बिल मागू नये.

कारणाच्या जागी «संवादाचा अभाव» लिहिलेलं मला चालत नाही. बहुतेकदा खरं कारण असं निघतं: चेकिंगची विनंती संध्याकाळी गेली, काँक्रीटची गाडी सकाळची आधीच ठरलेली होती आणि त्या दोहोंचा एकमेकांशी संबंधच नव्हता. गाडी दारात उभी राहिली, काँक्रीट घट्ट व्हायला लागेल या भीतीने सुपरवायझरने काँक्रीट टाकायला होकार दिला. असं असेल तर त्याला समज देऊन काही बदलत नाही. उपाय ऑर्डरमध्ये आहे: सही झालेल्या पोर कार्डाचा नंबर दिल्याशिवाय प्लांटला गाडी पक्की करायची नाही.

तुमची एक तक्रार रास्त आहे, इन्स्पेक्टर वेळेवर येत नाहीत. तीही याच पत्रात मांडा, पण बचाव म्हणून नको, मागणी म्हणून: विनंतीनंतर किती तासांत चेकिंग होईल, इन्स्पेक्टर नसेल तर सही कोण करील आणि त्यांच्या उशिरामुळे गाडी परत गेली तर खर्च कोणाचा. ग्राहकाचं उत्तर लेखी येईपर्यंत पुढच्या स्लॅबची तारीख देऊ नका.