‘स्क्रिप्ट लिहू नका’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

"रील्समधून माल विकायचाय? स्क्रिप्ट लिहू नका, फेक वाटतं. पहिल्या ३ सेकंदांत काहीतरी शॉकिंग बोला. मग प्रॉडक्टचे सगळे फायदे भराभर सांगा. कमतरता अजिबात दाखवायची नाही. शेवटी ‘लिंक बायोमध्ये’. सेल होणारच!!"

घरगुती व्यवसायाच्या प्रत्येक ग्रुपवर हे फिरतंय आणि लोक खाली अंगठे देतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरण एकच धरू, बिडाचा तवा, दहा इंची, कारण हल्ली बरेच जण तो ऑनलाइन विकतायत आणि व्हिडिओ सगळ्यांचे सारखेच, काळा तवा गोल गोल फिरतोय आणि मागे बासरी.

फेक वाटतं ते पाठ केलेलं बोलणं. पण स्क्रिप्ट म्हणजे डायलॉग हे कोणी सांगितलं? कागदावर मधोमध रेघ मारा, डावीकडे काय दिसणार आणि उजवीकडे काय ऐकू येणार. डावी बाजू आधी पूर्ण लिहायची, उजवी रिकामी ठेवून. मग आवाज बंद करून नुसत्या चित्रांवरून तवा कशासाठी घ्यायचा ते कळतंय का बघायचं, कारण बरीच जनता बसमध्ये नाहीतर झोपलेल्या पोराशेजारी म्यूटवर बघत असते. जे चित्रातून कळत नाही तेवढंच उजवीकडे लिहायचं. निवांत मराठी बोललं तर सेकंदाला दोनेक शब्द होतात, म्हणजे पस्तीस सेकंदांची रील धरली तर सत्तर, आणि तव्याचा चर्र आवाज ऐकू यायला हवा असेल तर त्यातले चाळीस-पंचेचाळीसच वापरायचे. हा हिशोब कागदावर केला नाही की मग एडिटिंगला बसल्यावर आवाज दीडपट वेगाने पळवावा लागतो, आणि खरं फेक वाटतं ते हेच.

आता शॉकिंगचं. या धंद्यात शॉकिंग म्हणजे काय असतं माहितीये ना, "तुमच्या नॉनस्टिकमध्ये विष आहे". व्ह्यूज येतात, नाही म्हणत नाही. पण येतात ते भांडायला, कमेंटमध्ये एक डॉक्टर आणि एक काका जुंपतात आणि तव्याची किंमत कोणीच विचारत नाही. वर असल्या दाव्याला पुरावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राच्या २०२२ च्या गाइडलाइन्स आहेत आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, तो जाहिरातीत झळकणाऱ्यालाही लागू शकतो. (कोणी फुकट तवा घेऊन रील करून देत असेल तर तीही जाहिरातच, तसं स्पष्ट लिहायला लावा.)

सुरुवातीला माणूस थांबला पाहिजे हे मान्यच. पण तो थांबतो ते शेवट आधी दाखवला की. झाकण उचललं, वाफ गेली, उलथनं कडेखाली सरकवलं आणि जाळीदार घावन अख्खं सुटून आलं, इथपासून सुरू करा. बोलायचं काहीच नाही, स्क्रीनवर एक ओळ: "तेल? अर्ध्या कांद्याला लागलं तेवढंच." ज्याचं घावन रोज तव्याला चिकटतं तो थांबणारच, आणि आपल्याला हवाय तो तोच. ती ओळ तेवढी खालच्या पट्टीत टाकू नका, तिथे अकाउंटचं नाव आणि कॅप्शन येतं, उजव्या कडेला बटणं. मधोमध किंवा जरा वर.

सगळे फायदे भराभर, इथे तर सगळ्यात जास्त रील्स मरतात. बिडाचा तवा टिकतो, उष्णता धरून ठेवतो, इंडक्शनवर चालतो, थालीपीठ, आंबोळी, घावन सगळं होतं, सगळं खरं, पण पस्तीस सेकंदांत सहा गोष्टी म्हटल्यावर लक्षात एकही राहत नाही. एका व्हिडिओत एकच गोष्ट सिद्ध करायची, बाकीच्या पाच म्हणजे पुढच्या पाच रील्स झाल्या की.

आणि सिद्ध करायचं म्हणजे जिथे शंका येते तिथे कट मारायचा नाही. घावन ओतल्यापासून सुटेपर्यंत मिनिट-दीड मिनिट जातं, तेवढं कोणी बघत बसणार नाही, मग लोक काय करतात, ओततानाचा एक शॉट आणि थेट ताटातलं घावन. बघणाऱ्या बाईला लगेच कळतं की मधलं काहीतरी लपवलंय! त्यापेक्षा मोबाइल स्टँडवर फिक्स करा, हलवायचा नाही, कांदा फिरवण्यापासून घडी घालेपर्यंत सलग शूट करा. नंतर फक्त झाकण ठेवलेला भाग पळवा आणि तिथे "वेग ८ पट" असं लिहून टाका. ओतणं आणि सुटणं मात्र खऱ्या वेगाने, खऱ्या आवाजासकट.

कमतरता लपवा हा सल्ला ज्याने दिला त्याच्याकडे रिटर्न पार्सल कधी आलेलं दिसत नाही. दहा इंची तवा दोन-सव्वादोन किलोचा, मनगट दुखणाऱ्या बाईंना तो एका हाताने उचलणार नाही. ओला ठेवला तर गंजतो, चिंच-टोमॅटो त्यात शिजवलं तर तेल मुरून बसलेला थर जातो, तापलेल्यावर गार पाणी ओतलं तर तडकू शकतो. हे सगळं एका रीलमध्ये नको, पण एक तरी हवंच. म्हणून मी क्रम असा लावेन: पहिली ३ सेकंदं सुटणारं घावन, मग ५ सेकंदं दोन्ही हातांनी तवा गॅसवर ठेवताना, "जड आहे, सव्वादोन किलो", मग १६ सेकंदं तो सलग शॉट, मग ५ सेकंदं गरम पाण्याने घासून, पुसून, तेलाचा हात लावताना, उरलेली ६ सेकंदं किंमत आणि ऑर्डर. झाली पस्तीस.

किंमत आकड्यात सांगा. "प्राइस डीएम केली" वाचून अर्धे लोक तिथूनच परततात. आणि कॅप्शनमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, इन्स्टावर ती टॅप होत नाही. बायोत टाकली तर तिथे त्या तव्याचंच पान उघडायला हवं, चाळीस वस्तूंचं दुकान नाही. आपल्याकडे व्हॉट्सॲप जास्त चालतं, तेव्हा "‘तवा’ लिहून या नंबरवर पाठवा" आणि नंबर पडद्यावर ४ सेकंदं तरी.

"सेल होणारच" यावर काय बोलायचं. इनसाइट्समध्ये लोक कुठे सोडून गेले ती रेघ दिसते, ती बघा. पहिल्या तीन-चार सेकंदांत फारच खाली कोसळली तर सुरुवातीचा शॉट बदला, बाकीचं तेच ठेवा, त्यासाठी शूटच्याच दिवशी दोन-तीन वेगळ्या सुरुवाती काढून ठेवायच्या. रेघ शेवटपर्यंत बरी, सेव्हही भरपूर, पण मेसेज नाहीत, तर किंमत किंवा ऑर्डरचा रस्ता कुठेतरी अडतोय. आणि मेसेज भरपूर पण सगळ्यांचा प्रश्न एकच, "इंडक्शनवर चालतो का", तर पुढची रील इंडक्शन शेगडीवर, त्याच फिक्स स्टँडवरून, आणि तवा तापायला किती वेळ लागला तो न लपवता.