सोळा वर्षांचा हिशेब, तुमच्या नावानं

अहो,

आज अक्षय तृतीया. 2009 च्या याच तिथीला, भर उन्हात, तुमच्या मामानं ताणलेल्या मांडवात आपलं लग्न लागलं होतं. तेव्हा आपल्या घरात तुमच्या बाबांची घागर भरली की मग वऱ्हाड निघालं, असं आई सांगतात. आज तुमची घागर भरली. बारा वर्षांच्या पोरानं भरली, हात थरथरत होता त्याचा. आमरस केला, कुरड्या तळल्या. तुमच्या आवडीचा वडा मात्र बिघडला, जास्त भिजला होता.

लग्नाच्या वाढदिवसाला मी तुम्हाला एकदाच काही मागितलं होतं. आठवते का? आठवा वाढदिवस, 2017. तुम्ही यवतमाळहून साडी आणली होती, मोरपंखी. मी म्हटलं, साडी चांगली हाय, पण सातबाऱ्यावर माझं नाव लावा ना. माझ्या बापानं लावलं होतं माझ्या मायचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती तेव्हाची गोष्ट. पुढं 1992 मध्ये सरकारनंही निर्णय काढला की नवऱ्यानं साधा अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागते, मुद्रांकाचा खर्च नाही. तुम्ही हसलात. म्हणालात, "घरचंच वावर हाय, कुठं पळून चाललं?"

वावर पळून गेलं नाही. तुम्ही गेलात.

ऑगस्ट 2023. पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. छातीत कळ आली आणि जिल्ह्याच्या गावाला पोहोचायच्या आतच सगळं झालं. शहरातली माणसं अजून हळू आवाजात विचारतात, "कर्ज होतं का हो?" विदर्भातला शेतकरी हृदयविकारानंही मरू शकतो, हे त्यांच्या डोक्यात बसतच नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे भासरे कागद घेऊन आले. तुमची पाच एकर वाटणीत तुमच्या एकट्याच्या नावावर आलेली, म्हणून भाऊ काही वारस होत नाही. वारस चौघं: आई, मी, पोरगी, पोरगा. चौघांचा हिस्सा सारखा. पण भासरे म्हणाले, "तू हक्कसोड करून आईच्या नावानं टाक, एकाच सहीचं काम हाय. उद्या तू दुसरं लग्न केलं तर?" आईच्या नावानं म्हणजे पुढं कोणाच्या नावानं, ते समजायला मला रात्रभर लागलं नाही. आई गेल्या की त्यांच्या नावावरच्या जमिनीत भासऱ्यांचाही वाटा येतो, आणि आईंनी मृत्युपत्र केलं तर सगळीच त्यांची. दुसऱ्या लग्नाचं म्हणाल तर ते केलं तरी एकदा वारसानं आलेला हिस्सा जात नाही. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र माघारी फिरत नाही. मी सही केली नाही. तुमच्या घरात तेव्हापासून मी "वकील" झाले.

मग वारस नोंदीचा अर्ज. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं जोडून भासऱ्यांनीच दिला. म्हणाले, तू बाईमाणूस, कुठं हिंडतेस. तलाठी आधी वारस नोंदवहीत लिहितात, मग फेरफार धरतात, मग नोटीस निघते. हरकत घ्यायला पंधरा दिवस. कोणी काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे. गाव अजून तलाठीच म्हणते.)

नोटिसीचा कागद घरी आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पीठ लागलेल्या हातानंच वाचला. वारस: आई, पत्नी, मुलगा. पुन्हा वाचला. पोरगी नव्हती. भासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "पोरीले उद्या सासरी जायाचं. तिचं नाव कायले?"

अहो, तुमच्या पोरीला नांगराच्या फाळाला हळद-कुंकू लावायला तुम्ही खांद्यावर बसवून नेत होतात.

अकराव्या दिवशी मी स्वतः तलाठ्याकडे गेले आणि लेखी हरकत दिली, पोच घेतली. तोंडी सांगून आले असते तर नोंद तशीच मंजूर झाली असती आणि मग प्रांताकडे अपील करत बसले असते. लेखी हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते, तारखा पडतात. पोरीचा जन्मदाखला लावला. तरी निकाल यायला पुढचा मार्च उजाडला.

आणि मधल्या काळात कापूस निघाला. बावीस क्विंटल. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव 7020 होता. पण सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर द्यायचा तर सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते, पैसे त्याच माणसाच्या आधार जोडलेल्या खात्यात जातात. सातबाऱ्यावर नाव कोणाचं? तुमचं. खातं कोणाचं? तुमचं, बंद. शेवटी खेडा खरेदीवाल्याच्या गाडीत घातला, 6500 नं. तिथंच जवळपास साडेअकरा हजारांचा फरक. ओलाव्याची कपात झाली असती तर थोडा कमी, हे मला माहीत आहे. पण पोरीची वर्षाची सायकल, वह्या, पास त्यात निघाले असते.

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकी गावांनाही तसं करा म्हटलं. चांगलं झालं. माझ्या बांगड्या मात्र फोडल्याच, तुमच्या मावशीनं, रडत रडत. पण खरं सांगू? बांगड्यांचं दुःख मला पंधरा दिवस होतं. सातबाऱ्याचं सात महिने होतं. कुंकवावर भाषण द्यायला गावात दहा माणसं येतात, फेरफाराच्या तारखेला सोबत यायला एक जण येत नाही.

म्हणून हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहिते आहे. जे नवरे वाचत असतील त्यांच्यासाठी. वाढदिवसाला केक कापून फोटो टाकता ना, त्या दिवशी तलाठ्याकडेही जा. जमीन तुमच्या नावावर असेल तर लक्ष्मीमुक्तीखाली अर्ज द्या. कोणी म्हणेल असं काही नसतेच, तर 1992 च्या निर्णयाचं नाव घ्या, अर्ज लेखी द्या, पोच मागा. माझं नाव आधीपासून असतं तर वारस नोंद तरी करावीच लागली असती, हे खरं. पण त्या वर्षीचा कापूस माझ्या नावानं गेला असता, आणि हक्कसोडीचा कागद घेऊन दारात यायची कोणाची हिंमत झाली नसती.

तुमच्यावर राग आहे का? आहे. तुम्ही वाईट नव्हता म्हणून जास्त आहे. वाईट नवऱ्याकडून बाई अपेक्षाच करत नाही.

आज घागर भरून झाल्यावर मी नवा सातबारा काढून पाटावर ठेवला, तुमच्या फोटोजवळ. आईंनी विचारलं, हे काय? म्हटलं, वाढदिवसाची भेट, उशिरा आलेली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा मागितला. त्यांचंही नाव आहे त्यावर, चौथा हिस्सा. पोरीच्या आणि पोराच्या नावापुढं "अ.पा.क. आई" लिहिलं आहे, म्हणजे अज्ञान आहेत, सांभाळ करणारी मी. तुमच्या नावावर आडवी रेघ आहे. आणि माझ्या ओळीत माझं नाव, मग "बेवा", मग पुन्हा तुमचं नाव, रेघ नसलेलं.

वडे उद्या पुन्हा करते.

तुमचीच