रांगेत उभे राहिलात म्हणजे बॅग दिली असे नव्हे

“विमानतळावर दोन तास आधी पोहोचलात की तुमचे काम संपले. वेब चेक-इन झालेल्याला सोडून विमान जाऊच शकत नाही. गेलेच तर डीजीसीएच्या नियमाने कंपनीला दहा हजार भरावे लागतात. सर्वांना पाठवा.”

पाठवले की सगळ्यांनी! आमच्या बेळगावच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आले, आणि त्याच भरवशावर खानापूरचा माझा मावसभाऊ गोव्यात मोप्याच्या विमानतळावर विमान चुकवून बसला.

विमान ९:४० चे. चोर्ला घाट उतरून स्वारी ७:४० ला दारात हजर. बोर्डिंग पास मोबाइलवर असल्यामुळे चहा, फोटो सगळे निवांत. सव्वाआठला बॅगेच्या रांगेत, ८:३५ ला काट्यावर. वजन १८ किलो, मुभा १५ ची. जादा पैसे भरायला शेजारच्या खिडकीवर पाठवले, पावती घेऊन परत येईतो ८:४३. काउंटर बंद.

देशांतर्गत उड्डाणाला आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बॅगा घेणे थांबवतात, आणि गेट साधारण २५ मिनिटे आधी बंद होते. या दोन वेगळ्या वेळा आहेत. बॅग असली की पहिली वेळच तुमची. त्या तासाभरात बॅग क्ष-किरण तपासणीतून जाते. आत पॉवर बँक दिसली तर ती अडवतात आणि मालकाला शोधतात. मग ती विमानाच्या पोटात चढते आणि वजनाचा हिशेब वैमानिकाकडे जातो. बॅग चढली पण माणूस आला नाही, तर ती शोधून उतरवावी लागते. म्हणून टॅग कधी लागला ते बघतात. तुम्ही दारात कधी आलात, हे कोणी विचारत नाही.

वेब चेक-इनचे अर्धे खरे आहे, नाइलाजाने मान्य. हातातली छोटी बॅगच असेल तर काउंटरकडे फिरकायची गरज नाही, सुरक्षा तपासणी उरकून गेट गाठायचे. पण तिथेही उशीर झाला तर विमान थांबत नाही.

आता ते दहा हजार. विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमावलीत (विभाग ३, मालिका एम, भाग ४) ही भरपाई आहे, पण ती जागांपेक्षा जास्त तिकिटे विकून, ठरलेल्या वेळेत हजर झालेल्या प्रवाशाला नाकारले तर. दहा हजार ही तिथली एक कमाल मर्यादा आहे, सरसकट मिळणारी रक्कम नव्हे. काउंटर बंद झाल्यावर आलेला त्यात बसत नाही.

काउंटरवर माणसेच कमी असतात, ही तक्रार मात्र खरी. रांग हलत नसेल तर बंद व्हायच्या वीसेक मिनिटे आधी कर्मचाऱ्याला हाक मारून फ्लाइट नंबर सांगा, बहुधा पुढे घेतात. लाजत उभे राहू नका. बॅगेचे वजन घरीच करा.

आणि चुकलेच, तर नॉन-रिफंडेबल तिकिटाचेही सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येते. भाऊने अर्ज टाकलाय.