रक्तपेढीचा फोन आला म्हणजे सगळं संपलं?

“शिबिरात रक्त देऊ नका!! सुईतूनच एड्स होतो. रक्तपेढीचा ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणून फोन आला की समजा संपलं. नंतर निगेटिव्ह रिपोर्ट देतात तो प्रकरण दाबायला. निगेटिव्ह होतं तर रक्त फेकलं का? सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

हे पाठवणाऱ्या माझ्या नणंदबाई. त्यांच्याच मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, गणपतीतल्या शिबिरानंतर असा फोन आला होता. मी बावीस वर्षं लॅबमध्ये एलायझाच्या, म्हणजे रक्तपेढीत एचआयव्हीसाठी करतात त्या चाचणीच्या, प्लेटा धुतल्यात, तरी मला एका शब्दाने न विचारता त्यांनी मुलगी बघायचा कार्यक्रम रद्द केला आणि मेसेज मात्र पुढे ढकलला.

सुईचं आधी, कारण त्याइतका निर्बुद्ध मुद्दा दुसरा नाही. रक्ताच्या पिशवीला सुई कारखान्यातच जोडलेली असते. टोपण दात्यासमोर निघतं आणि ती सुई पुन्हा कुणाला टोचत नाहीत. पण ते सोडा. ज्या रक्तावर चाचणी झाली, ते त्याच टोचण्यात काढलेलं. लागण झाली तरी चाचणीत दिसायला साधारण दोन-तीन आठवडे तरी लागतात. मग दुपारी बाराला सुईतून शिरलेला विषाणू बारा वाजून पाच मिनिटांनी भरलेल्या नळीत कसा सापडेल?

आता फोनचं. रक्तपेढीची चाचणी मुद्दाम संशयी ठेवलेली असते. एकही लागण झालेली पिशवी निसटू नये म्हणून चार निरोगी माणसं उगाच अडकली तरी चालतील, असा तिचा हिशेब. प्लेटच्या खाचेत रंग चढतो, यंत्र तो मोजतं, ठरलेल्या रेषेच्या वर गेला की ‘रिअॅक्टिव्ह’. भाच्याच्या वेळी रेषा होती ०.२८० आणि त्याचं मोजमाप ०.३२२, म्हणजे रेषेला जेमतेम ओलांडून. खरी लागण असते तेव्हा बहुतेकदा आकडा रेषेच्या कितीतरी पट असतो. प्लेट नीट धुतली गेली नाही, नमुन्यात फायब्रिनची गुठळी राहिली किंवा रक्तातलं भलतंच प्रतिपिंड चिकटलं, तरी एवढा रंग चढतो. अर्थात अगदी ताज्या लागणीतही आकडा असाच लहान असू शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावर कुणी निकाल देत नाही.

समजा दहा हजार दाते आले आणि त्यांतल्या दहांना खरंच लागण आहे. चाचणी हजार निरोगी माणसांत पाचांना चुकून पकडते असं धरू. दहा खरे सापडतील आणि सोबत पन्नास निरोगी. फोन गेलेल्या साठांपैकी पन्नास जणांना काहीच नाही! आकडे समजावण्यापुरते धरलेत, पण गणित असंच चालतं. रोग जितका विरळा, तितका इशाऱ्यांत खोट्यांचा वाटा जास्त.

म्हणून नाकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, दोन कामांना दोन पद्धती ठरवल्यात. पिशवीसाठी एकच चाचणी: रिअॅक्टिव्ह, की रक्त नष्ट. का फेकलं, याचं उत्तर एवढंच. पिशवीला शंकेचा फायदा देत नाहीत, कारण ती दुसऱ्याच्या शिरेत जाणार असते. माणसासाठी मात्र त्याला आयसीटीसीत, सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात पाठवतात आणि नवीन नमुना घेतात. तिथे पहिली चाचणी नॉन-रिअॅक्टिव्ह आली तर निकाल निगेटिव्ह. रिअॅक्टिव्ह आली तर वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन. तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह. पुढच्या दोन्ही नॉन-रिअॅक्टिव्ह आल्या तर निगेटिव्ह. दोघींत एकमत नसलं तर निकाल अनिश्चित, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना. दोन रिपोर्ट वेगळे येतात ते कुणी दाबल्यामुळे नाही, दोन्ही चाचण्यांना विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. फोनवर “तुमचं रिअॅक्टिव्ह आहे, येऊन भेटा” एवढंच सांगून ठेवून देणं वाईटच. भाच्याला नेमकं तसंच सांगितलं. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने असा निकाल गोपनीय ठेवायला सांगितलाय, आणि याच्या फोनचा स्पीकर घरभर ऐकू जात होता. शिवाय खोटा इशारा ठरला तरी रक्तपेढी त्याचं रक्त पुन्हा घेईलच असं नाही. मला ते पटत नाही, पण पिशवीच्या बाजूने कारण कळतं.

कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग यांच्याही चाचण्या अशाच चाळणीच्या असतात. प्रत्येकाच्या खातरजमेची पद्धत वेगळी, पण पहिल्या निकालावर रडायचं नाही हे तिथेही तेच.

मी त्याला केंद्रावर नेलं. बोटातून रक्त, वीस-पंचवीस मिनिटं बाकावर. पहिलीच चाचणी नॉन-रिअॅक्टिव्ह. तरीही ताज्या लागणीची शंका उरायला नको म्हणून चार आठवड्यांनी पुन्हा गेलो. तेव्हाही तेच.

नणंदबाईंनी मेसेज डिलीट केलाय. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत मात्र तोवर उलटून गेली होती.