तिरपे ढकलले की खोके जमिनीला घट्ट धरते

"खोक्याचे वजन बदलत नाही, म्हणून घर्षणही बदलत नाही. तिरपे ओढा की तिरपे ढकला, खोक्याला जोर तेवढाच लागतो. उलट ढकलताना अंगाचे वजन कामी येते, म्हणून ढकलणेच नेहमी सोपे."

अकरावीतल्या माझ्या भाचीने हा संदेश परीक्षेच्या तोंडावर वहीत उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक पहिले वाक्य आहे, कारण त्याचा पूर्वार्ध खरा आहे. वजन बदलत नाही. परंतु घर्षण ठरते ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती दाबले जातात यावरून. फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँने १६९९ मध्ये मांडलेला नियम हाच आहे की घर्षण लंब प्रतिक्रियेच्या, म्हणजे जमीन खोक्याला ज्या बलाने वर रेटते त्या बलाच्या, प्रमाणात असते. सपाट जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या खोक्यासाठी हे बल वजनाइतकेच असते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. मी भाचीसमोर वजनकाट्यावर खोके ठेवून ते तिरपे खाली रेटले, तेव्हा आकडा चढला. दोरीने तिरपे वर ओढताच तो उतरला. खोके तेच होते.

आता ४० किलोग्रॅमचे खोके घ्या. वजन ३९२ न्यूटन, घर्षणांक, म्हणजे घर्षणाचे लंब प्रतिक्रियेशी गुणोत्तर, ०.५. आडव्या बलाने ते सरकवायला १९६ न्यूटन लागतात. आडव्याशी ३० अंशांचा कोन करून वर ओढले, तर लंब प्रतिक्रिया सुमारे ३०४ न्यूटनपर्यंत उतरते आणि १७६ न्यूटन पुरतात. त्याच कोनात खाली ढकलले, तर ती ५५१ पर्यंत चढते आणि ३१८ न्यूटन लागतात, म्हणजे ओढण्याच्या सुमारे १.८ पट. कोन ६५ अंश केला, तर लावलेल्या प्रत्येक १०० न्यूटनपैकी ४२ पुढे जातात, ९१ खाली दाबतात आणि त्या दाबाने घर्षण ४५ ने वाढते. मग जोर कितीही वाढवला तरी खोके हलणार नाही.

अंगाच्या वजनाचा मुद्दा अर्धा खरा आहे: पुढे झुकून माणूस जास्त जोर लावू शकतो. मात्र तिरपे खाली ढकलताना त्याच्या वजनाचा काही भाग खोक्यावर जातो आणि पायांवरचा दाब कमी होऊन तळवे निसटू लागतात. दोरीने वर ओढताना पाय उलट जमिनीवर अधिक रोवले जातात.

"नेहमी" हा शब्द मात्र ओढण्यालाही लावता येत नाही. या खोक्यासाठी ओढण्याचा सर्वांत सोयीचा कोन सुमारे २७ अंश आहे. दोरी ६० अंशांवर उभी धरली, तर २१० न्यूटन लागतात, आणि त्यापेक्षा खोके सरळ आडवे ढकललेले बरे.