आधी मेल, मग फोन

एस्कलेशन मॅनेजर नावाची व्यक्ती कस्टमर केअरला फोन लावल्यावर कधीच भेटत नाही. तिच्यापर्यंत पोचायला आधी मराठीसाठी तीन दाबावं लागतं, मग हिंदीत बोलावं लागतं, मग तीच हकिकत पुन्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. आपला आवाज फाटला की समोरचा हळूच म्हणतो, ‘सर, मैं आपका केस एस्कलेट कर देता हूँ.’ त्यानंतर मेसेज येतो की गुरुवारी सकाळी ११ ते १ या वेळेत मॅनेजर आपल्याशी बोलतील.

आमचा प्रश्न फ्रिजचा होता. चार वर्षं जुना, दारावर ‘कॉम्प्रेसरला १० वर्षं वॉरंटी’ असा सोनेरी स्टिकर. एप्रिलमध्ये तो गार करेनासा झाला. टेक्निशियन आला, मागे वाकून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘गॅस गेलाय.’ ९ एप्रिलला ३,४०० रुपये घेऊन गॅस भरला. ३ मेला फ्रिज पुन्हा कोमट. दुसरा टेक्निशियन आला, त्यानेही ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘कॉम्प्रेसर गेलाय.’ स्टिकर दाखवल्यावर त्याने वॉरंटी कार्डाची बारीक ओळ दाखवली. कॉम्प्रेसर फुकट, पण तो बसवायची मजुरी, नवा गॅस आणि व्हिजिट चार्ज ग्राहकाचा. मिळून ४,९०० रुपये. म्हणजे जो गॅस महिन्याभरापूर्वी आम्ही विकत घेतला, तोच आता कॉम्प्रेसर कापताना हवेत सोडून आम्हालाच पुन्हा विकणार.

मे महिन्यात नाशिकला फ्रिज बंद असणं म्हणजे काय, हे आमच्या आईला विचारा. सकाळचं दूध दुपारी नासायचं, दुपारी ती त्याचं पनीर करायची आणि संध्याकाळी ते आम्ही खायचो. आठवडाभर पनीर. मी मॅनेजरसाठी मुद्दे लिहायला बसलो तेव्हा पोटात पनीर आणि डोक्यात भाषण होतं. ‘ग्राहकाला काय समजता तुम्ही?’ हे पहिलं वाक्य. दुसऱ्यात आईचं वय, तिसऱ्यात नासलेल्या दुधाचा हिशेब. दीड पान झालं. मला ते आवडलंही.

शेजारच्या जोशीकाकांना वाचून दाखवलं. काका जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेत. बायकोने सांगितलेली भाजीही ते कागदावर उतरवून, खाली रेघ मारून मगच पिशवी उचलतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अरे, छान आहे. पण यातलं काय लिहून मागणार तू? ती बाई “सॉरी सर” म्हणेल. सॉरीचं काय करणार, फ्रिजमध्ये ठेवणार?’

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ‘फोननंतर पाठवायचा मेल आधी लिही. तारीख, रक्कम, नाव या जागा मोकळ्या ठेव. फोनवर फक्त त्या भरायच्या. शाळेत करायचो ना, गाळलेल्या जागा भरा? तसं. ज्या वाक्यात भरायला जागाच नाही, ते फोनवर बोलायचं नाही.’

या चाळणीतून माझं दीड पान गेलं आणि खाली पाच ओळी उरल्या. कॉम्प्रेसर ___ तारखेला ___ वाजेपर्यंत बदलणार. मजुरी व गॅस ___ रुपये. ९ एप्रिलच्या व्हिजिट चार्जचे ५९० रुपये परत: होय किंवा नाही. त्या तारखेला पार्ट आला नाही तर ___. आणि पाचवी, जी काकांना सुचली नव्हती: ओटीपी ___ नंतर.

ओटीपीचं सांगतो. तक्रार बंद करायला टेक्निशियनला आपल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. त्याचं टार्गेट त्यावर मोजतात, म्हणून तो पाना-पक्कड उचलायच्या आधी ओटीपी मागतो. दिला की कंपनीच्या लेखी काम झालं. फ्रिज पुन्हा बिघडला तर नवा कंप्लेंट नंबर मिळतो, आणि नव्या नंबरावर तुम्ही नवेच गिऱ्हाईक. मागच्या फेऱ्या, मागचे पैसे, सगळं आधीच्या नंबराबरोबर मिटलेलं.

यातूनच मुद्द्यांच्या कागदाचा वरचा भाग तयार झाला: सगळे कंप्लेंट नंबर, प्रत्येकापुढे तारीख, कोण आला, काय म्हणाला, किती घेतले. शिवाय फ्रिजचा मॉडेल आणि सीरियल नंबर. तो आतल्या बाजूच्या स्टिकरवर, भाजीच्या खणाआड असतो. फोन चालू असताना तिथे डोकं घालायची वेळ येऊ नये म्हणून आधीच उतरवून ठेवला. आणि नऊ एप्रिलच्या पावतीची मागची बाजू. पावतीच्या मागे कुणी बघत नाही. मीही काकांनी उलटायला लावली म्हणून बघितलं. फिकट अक्षरांत होतं: दुरुस्तीच्या कामावर ९० दिवसांची हमी. म्हणजे ८ जुलैपर्यंत त्या गॅसची जबाबदारी त्यांची. दीड पानाच्या भाषणाला जे जमलं नसतं ते या एका ओळीत होतं.

ग्राहक आयोगाचं काय, असं मी विचारलं. काका म्हणाले, ‘लिही, पण सगळ्यात शेवटी, आणि तिने नाही म्हटलं तरच. पहिल्या मिनिटाला कोर्टाचं नाव काढलंस की ती “लीगल टीमशी बोला” म्हणून सुटते.’ मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि ‘जिल्हा आयोग, राहत्या गावी दाखल करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही’ एवढं तळाशी पेन्सिलीने लिहून ठेवलं. ते वापरावं लागलं नाही.

गुरुवारी ११ वाजल्यापासून मी कागद, पेन, पावती मांडून बसलो. आईने कुकर लावायचा नाही असं फर्मान बायकोनेच काढलं होतं. फोन एकला दहा मिनिटं असताना आला, अनोळखी नंबर, स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘स्पॅम’. मॅडमचा आवाज इतका मऊ होता की राग कुठे ठेवावा कळेना. ‘सर, आपको जो असुविधा हुई...’ मी म्हणालो, ‘मॅडम, आपका नाम और मेल आयडी बोलिए, मैं लिख रहा हूँ.’ पलीकडे क्षणभर शांतता. लिहिणारा माणूस भेटला की आवाज थोडा बदलतो, हे मी तेव्हा ऐकलं.

तिच्या स्क्रीनवर एकच तक्रार दिसत होती, तीन मेची. बाकीचे नंबर मी सांगितले तसे तिने शोधले, आणि ते शोधताना तिचा ‘हम्म’ दरवेळी जरा लांबत गेला. मग पावतीची मागची ओळ वाचून दाखवली. मॅडम म्हणाल्या, ‘एक मिनिट होल्ड करती हूँ.’ सतार वाजली. परत आल्या तेव्हा गॅस आणि मजुरी शून्य झाली होती.

पुढचं मात्र सरळ नव्हतं. ‘कब तक होगा?’ यावर ‘जल्द से जल्द’. मी म्हटलं, मॅडम, माझ्या कागदावर तारखेपुरतीच जागा आहे. शनिवार, १६ मे, दुपारी दोनच्या आत. ‘ट्राय करेंगे.’ हे ‘ट्राय’ मोकळ्या जागेत बसत नाही. थोडी ओढाताण झाली आणि ‘पार्ट नाशिकच्या स्टोअरला आहे, शनिवारी नक्की’ असं निघालं. पार्ट कुठे आहे हे विचारल्यावरच खरी तारीख येते. पार्ट दुसऱ्या गावी असेल तर शनिवार म्हणणारा माणूस नुसता धीर देत असतो. व्हिजिट चार्ज परत करायला त्यांनी साफ नकार दिला. फ्रिज बदलून द्यायचं त्यांच्या हातात नव्हतं, पण शनिवारचं काम फसलं तर तसा प्रस्ताव मंजुरीला पाठवते आणि २२ मेपर्यंत उत्तर कळवते, असं म्हणाल्या. ओटीपी चोवीस तास फ्रिज चालल्यावर, फोनवर. याला त्या हसल्या, पण हो म्हणाल्या. ठेवायच्या आधी मी पाचही ओळी वाचून दाखवल्या आणि त्यांच्या आयडीवरून मला एक रिकामा मेल पाठवायला सांगितला. कंपनीच्या मेसेजला उत्तर पाठवलं की ते ‘नो रिप्लाय’च्या विहिरीत पडतं, माणसाचा मेल आला की त्याच धाग्यावर लिहिता येतं. कॉल रेकॉर्ड होत असतो खरा, पण ते रेकॉर्डिंग त्यांच्या कपाटात. आपल्या कपाटात मेल.

जेवायच्या आधी मेल गेला. विषयात कंप्लेंट नंबर, मजकुरात पाच ओळी. मला चौथी ओळ ‘न झाल्यास नवीन फ्रिज देण्याचे मान्य केले’ अशी लिहायची फार इच्छा होती. काकांनी खोडली. ‘ती एवढंच म्हणाली ना, की मंजुरीला पाठवते? मग तेवढंच. एक शब्द जास्त लिहिलास तर ती तेवढ्याला “असं ठरलं नव्हतं” म्हणेल आणि उरलेल्या चार ओळीही डळमळतील.’ नकारही लिहिला: व्हिजिट चार्जचे ५९० रुपये परत करण्यास आपण नकार दिला, तो मला मान्य नाही. भांडण तिथे थांबवलं तरी मिटलेलं नाही, हे कागदावर राहिलं. शेवटी एकच वाक्य, ‘यात काही चुकीचे असल्यास उद्या सायंकाळी पाचपर्यंत कळवावे.’ न कळवणं म्हणजे कायद्याने कबुली होतेच असं नाही, पण पुढे कुणासमोर कागद ठेवायची वेळ आली तर गप्प बसलेल्यालाच गप्प का बसलात ते सांगावं लागतं. सोबत बिल आणि पावतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो. मॅडमचं उत्तर चारला आलं: ‘नोटेड.’ काका त्यावर इतके खूश झाले की प्रिंट काढून घेऊन गेले, दुसरी प्रत आईने फ्रिजला चुंबकाने लावली.

शनिवारी टेक्निशियन अकराला आला, कॉम्प्रेसर बदलला, ड्रायर बदलला, गॅस भरला. दीडला हात पुसत म्हणाला, ‘काकू, ओटीपी आलाय बघा, तेवढा द्या.’ आई पोळ्या लाटत होती. तिने लाटण्यानेच फ्रिजकडे दाखवलं. ‘पाचवी ओळ वाचा.’ त्याने वाचली, ऑफिसला फोन लावला, बाहेर जाऊन हळू आवाजात बराच वेळ बोलला आणि मग पाणी पिऊन गेला.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. आईने आधी बर्फाचा ट्रे काढला, ओट्यावर आपटून पाहिला, मग चष्मा लावून नव्याने आलेला ओटीपी वाचला. एकेक आकडा, सावकाश. आणि शेवटचा सांगून झाल्यावर म्हणाली, ‘आता तुम्ही मला वाचून दाखवा.’